लक्ष्मीपूजन आज की उद्या? दिवाळीच्या तारखेबद्दल कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं दिवाळीच्या तारखेवरून घराघरांत वाद झाले. एका कॅलेंडरात एक तारीख, दुसऱ्यात दुसरी, आणि मुंबईहून गावी येणाऱ्यांनी तिकीट कुठल्या दिवसाचं काढायचं हा घोळ निराळाच. तेव्हापासून येत असलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरातल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेच्या आहेत. सूर्यास्ताच्या वेळा, वेगळा उल्लेख नसेल तिथे, रत्नागिरीच्या.

१. दिवाळीची तारीख नेमकी कशावरून ठरते?

आश्विन अमावास्येवरून. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, म्हणून ही आश्विनाची शेवटची तिथी. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपवतात आणि हीच अमावास्या कार्तिकात धरतात. नाव वेगळं असलं तरी दिवस तोच. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंतचे सगळे दिवस आपापल्या तिथीने ठरतात, पण वाद होतो तो बहुधा एकाच दिवसावरून, तो म्हणजे लक्ष्मीपूजन. ते अमावास्येला, आणि तेही प्रदोषकाळी करायचं असतं. प्रदोष म्हणजे सूर्यास्तापासून पुढचे सुमारे २ तास २४ मिनिटं. म्हणजे दोन गोष्टी जुळायला हव्यात: चंद्र-सूर्याने ठरवलेली अमावास्या आणि आपल्या गावच्या सूर्यास्ताने ठरवलेली संध्याकाळ. त्या नीट जुळल्या नाहीत की कॅलेंडरं फाटे फोडतात.

२. अमावास्या म्हणजे अंधारी रात्र ना? मग ती दुपारी पावणेचारला कशी लागते?

तिथीचा रात्रीशी थेट संबंध नाही. पृथ्वीवरून पाहताना चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी होते. घड्याळाचा मिनिटकाटा तासकाट्याला गाठून पुढे निघून जातो, तसा चंद्र महिन्यातून एकदा सूर्याला गाठतो. गाठण्याआधीचे शेवटचे १२ अंश म्हणजे अमावास्या. ज्या क्षणी दोघे एका रेषांशावर येतात त्या क्षणी अमावास्या संपते आणि प्रतिपदा लागते. हे फार जण उलटं समजतात. खगोलवाले ज्याला युतीचा क्षण म्हणतात तो अमावास्येचा मध्य नसून शेवट आहे.

चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्यामुळे तिथी कधी २० तासांच्या आसपास, तर कधी जवळपास २७ तासांची असते. २४ तासांच्या दिवसाशी तिचा मेळ बसत नाही, म्हणून ती कुठल्याही वेळी लागते आणि कुठल्याही वेळी संपते.

३. अमावास्या दिसत तर नाही. मग छापलेली वेळ खरी कशी मानायची?

२०२२ साली ती दिसली होती. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं आणि २५ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास कोकणात खंडग्रास सूर्यग्रहण सुरू झालं. सूर्य समुद्रात गेला तो ग्रासलेलाच. त्या दिवशी पंचांगात अमावास्येची समाप्ती दुपारी ४ वाजून १८ मिनिटांच्या आसपास छापलेली होती. चंद्र सूर्यासमोर आल्याशिवाय ग्रहण होत नाही, आणि ग्रहण त्या वेळेला धरूनच लागलं. (अर्ध्या तासाचा फरक दिसतो, कारण तिथी पृथ्वीच्या केंद्रावरून मोजतात आणि ग्रहण आपण किनाऱ्यावर उभे राहून पाहतो.)

दर्यावर जाणाऱ्यांना तर ग्रहणाचीही गरज पडत नाही. उधाणाची भरती अमावास्येच्या हिशेबानेच येते आणि कॅलेंडरावर लक्ष्मीपूजन कुठल्या चौकोनात छापलंय याची ती वाट बघत नाही.

४. दरवर्षी दिवाळी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि मग एकदम पुढे जाते, ते का?

बारा चांद्र महिन्यांचे सुमारे ३५४ दिवस होतात, त्यामुळे दिवाळी दरवर्षी ११ दिवसांच्या आसपास मागे सरकते. अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना येऊन ती पुन्हा पुढे ढकलली जाते. २०२४ ला १ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे थेट ८ नोव्हेंबर. आश्विन अमावास्येला सूर्य तूळ राशीत असावा लागतो. म्हणून दिवाळी ऑक्टोबरच्या मध्याआधी येत नाही आणि नोव्हेंबरच्या मध्याच्या फारशी पुढेही जात नाही.

५. अमावास्या दोन दिवसांत विभागली तर कुठली संध्याकाळ धरायची?

आपल्याकडचे पंचांगकर्ते यासाठी मुख्यतः धर्मसिंधूचा आधार घेतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी तो लिहिला. त्यांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं गोळवली, म्हणजे हा ग्रंथ आपल्याला तसा परका नाही. त्यातला निर्णय सोप्या भाषेत असा:

अमावास्या सूर्योदयाला असून सूर्यास्तानंतरही एका घटिकेपेक्षा, म्हणजे २४ मिनिटांपेक्षा, जास्त असेल तर त्या दिवसाबद्दल शंकाच नाही. ती दोन्ही दिवशी प्रदोषात असेल किंवा फक्त दुसऱ्या दिवशी असेल, तर दुसरा दिवस घ्यायचा. फक्त पहिल्या दिवशी प्रदोषात असेल तर पहिला घ्यायचा.

इथपर्यंत सरळ आहे. पण शेवटच्या प्रकाराला पुरुषार्थचिंतामणी या ग्रंथाच्या आधाराने एक अपवाद जोडलेला आहे. अमावास्या फक्त पहिल्या दिवशी प्रदोषात असली, तरी दुसऱ्या दिवशी ती तीन प्रहरांहून जास्त काळ असेल आणि पुढची प्रतिपदा अमावास्येपेक्षा मोठी असेल, तर लक्ष्मीपूजनही दुसऱ्याच दिवशी. हा अपवाद लक्षात ठेवा, २०२५ चा सगळा वाद त्याच्यावरच उभा होता (प्रश्न ८).

६. २०२४ ला ३१ ऑक्टोबर बरोबर होतं की १ नोव्हेंबर?

आधी आकडे बघू. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:१७ च्या सुमारास संपली. ३१ च्या संध्याकाळी ती पूर्ण प्रदोषात होती, मध्यरात्रीही होती. १ तारखेला रत्नागिरीचा सूर्यास्त साधारण ६:०६ चा. म्हणजे सूर्यास्तानंतर अमावास्या उरली फक्त ११ मिनिटं.

आता याच दिवशी पूर्वेकडे जा. नागपूरला सूर्य ५:३८ च्या सुमारास मावळला, तिथे अमावास्या सूर्यास्तानंतर जवळपास ४० मिनिटं होती. कोलकात्याला सूर्यास्त पाचच्या सुमारास, तिथे तर सव्वा तासाहून जास्त. अमावास्या संपण्याचा क्षण सगळीकडे एकच, सूर्यास्त मात्र पश्चिमेला उशिरा. त्यामुळे हा प्रश्न सर्वांत चिमटीत सापडला तो आपल्या किनाऱ्यावर. डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत त्या दिवशीचे सूर्यास्त एक-दोन मिनिटांच्या आतले आहेत, तेव्हा "आमच्या तालुक्यात वेगळं असेल" ही पळवाट कोकणात नाही.

नागपूरला घटिकेची अट सहज पूर्ण होते आणि १ नोव्हेंबर निर्विवाद ठरतो. कोकणात २४ मिनिटं भरत नाहीत. मग? इथे वाचन दोन प्रकारे होतं. एक म्हणजे, घटिका भरली तर "शंका नाही" एवढंच ग्रंथ सांगतो. घटिकेपेक्षा कमी असली की ती नाहीच, असं तो म्हणत नाही. थोडी का होईना, अमावास्या दोन्ही प्रदोषांना स्पर्श करते, म्हणून दुसरा दिवस. शिवाय चतुर्दशीला चिकटलेल्या अमावास्येपेक्षा प्रतिपदेशी जोडलेली अमावास्या श्रेष्ठ मानली आहे, तेही याच बाजूला जातं. दुसरं वाचन असं की ११ मिनिटांना व्याप्ती म्हणायचं नाही. मग अमावास्या फक्त पहिल्या दिवशीच प्रदोषात राहते आणि ३१ ऑक्टोबर येतो. त्या वर्षी प्रतिपदा अमावास्येपेक्षा लहान होती (२६ तास ५ मिनिटं विरुद्ध २६ तास २४ मिनिटं), त्यामुळे मघाचा अपवादही मदतीला येत नाही.

महाराष्ट्रातल्या प्रमुख पंचांगांनी पहिलं वाचन घेतलं आणि राज्य सरकारची सुट्टीही १ नोव्हेंबरची होती. काशीच्या विद्वत परिषदेने ३१ ऑक्टोबर सांगितला. तिकडे सूर्यास्त लवकर असूनही पूर्ण प्रदोष आणि मध्यरात्र व्यापणाऱ्या अमावास्येला जास्त वजन दिलं गेलं. केंद्राच्या सुट्ट्यांच्या यादीतही ३१ च होती. माझं मत विचाराल तर पहिलं वाचन ग्रंथाच्या शब्दांना जास्त धरून आहे, पण त्या ११ मिनिटांमुळे कोकणात ते जितकं ताणलं जातं तितकं विदर्भात ताणलं जात नाही, हे मान्य करायला हवं.

७. म्हणजे १ नोव्हेंबरला त्या अकरा मिनिटांतच पूजा उरकायची होती?

नाही. दिवस एकदा ठरला की पूजेसाठी पूर्ण प्रदोषकाळ मोकळा असतो. त्या दिवशी कोकणात तो साधारण ६:०६ ते ८:३० होता. तिथी कर्माच्या वेळी थोडी असली तरी त्या कर्मापुरती ती पूर्ण धरायची, याला साकल्य म्हणतात. दुकानातलं चोपडापूजन साडेसातला केलेल्या कुणाचंही काही चुकलेलं नाही. "सहा सतराच्या आत नारळ फुटलाच पाहिजे" म्हणून जी धावपळ झाली, ती उगाच झाली.

८. २०२५ ला तर अमावास्या सूर्यास्ताआधीच संपली. तरी २१ ऑक्टोबर कसा?

माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी ३:४४ ला लागली, २१ ला संध्याकाळी ५:५४ ला संपली. रत्नागिरीचा सूर्यास्त ६:१२ च्या आसपास. म्हणजे २१ च्या प्रदोषात अमावास्या अजिबात नाही, फक्त प्रतिपदा. साध्या नियमाने २० तारीख यायला हवी, आणि केंद्राच्या यादीत ती होतीही.

इथे प्रश्न ५ मधला अपवाद लागू होतो. दोन्ही अटी तपासू. सूर्योदय ६:३१ चा, दिवस सुमारे ११ तास ४० मिनिटांचा. दिवसाचे चार प्रहर, म्हणजे तीन प्रहर संपतात दुपारी सव्वातीनच्या सुमारास. अमावास्या ५:५४ पर्यंत आहे, पहिली अट पूर्ण. दुसरी अट तिथींच्या लांबीची. अमावास्या २६ तास १० मिनिटांची. प्रतिपदा २२ तारखेला रात्री ८:१६ पर्यंत, म्हणजे २६ तास २२ मिनिटांची. १२ मिनिटांनी का असेना, प्रतिपदा मोठी. दोन्ही अटी पूर्ण झाल्या, म्हणून महाराष्ट्रातल्या पंचांगांनी २१ ऑक्टोबर दिला.

ज्या परंपरा हा अपवाद मानत नाहीत किंवा त्याला मुख्य नियमाहून खालचं स्थान देतात, त्यांच्याकडे २० तारीख आली. दोन्हीकडचे आकडे तेच होते. कुणाचं गणित चुकलं असं म्हणता येणार नाही.

९. मग छापील कॅलेंडरात फरक पडायची कारणं तरी किती?

सर्वांत मोठं कारण वरच्या दोन उत्तरांत आलं: आकडे एकच, नियमाचं वाचन वेगळं.

दुसरं कारण गाव. कॅलेंडर मुंबईच्या सूर्यास्तावर केलंय की उज्जैनच्या, की केंद्र सरकारचं राष्ट्रीय पंचांग घेतं त्या ८२½ अंश पूर्व रेखांशाच्या मध्यवर्ती ठिकाणाच्या, यावर काठावरचे निर्णय फिरतात. त्या मध्यवर्ती ठिकाणी सूर्य रत्नागिरीच्या पाऊण तास आधी मावळतो. याच कारणामुळे, उत्तरेत छापलेलं फुकटचं कॅलेंडर एखाद्या कंपनीकडून भेट आलं तर ते भिंतीवर लावा, पण सणाची तारीख त्यावरून धरू नका. सूर्यास्ताची व्याख्याही बारीकशी फिरते. बिंबाची वरची कड बुडाल्यावर धरायचा की मध्य क्षितिजावर आल्यावर, यात तीन-चार मिनिटं जातात, आणि २०२४ सारख्या वर्षी तीन-चार मिनिटंही पुष्कळ.

तिसरं कारण गणिताची पद्धत. काही पंचांगं अजून सूर्यसिद्धांताच्या जुन्या मानाने तिथी काढतात. त्यात तिथीची समाप्ती प्रत्यक्ष आकाशापेक्षा काही तासांनी हुकू शकते. महाराष्ट्रात हा प्रश्न आता जवळपास उरलेला नाही, कारण इथे वेधाशी जुळणारं, म्हणजे दृक् गणित रुजलं. त्यात आपल्या माणसांचा मोठा हात आहे. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे आणि दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित ही त्यातली दोन नावं.

१०. आमच्या घरी टिळक पंचांग आहे. आमची दिवाळी वेगळी असते का?

बहुतेक वर्षी नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर. राशीचक्राचा आरंभ कुठेही धरला तरी दोघांतलं अंतर बदलत नाही, त्यामुळे अमावास्येची वेळ टिळक पंचांगातही तीच येते.

फरक पडतो तो महिन्याच्या नावात. टिळक पंचांग आरंभबिंदू रेवती ताऱ्यावरून धरतं, इतर पंचांगं चित्रा ताऱ्यावरून. दोघांत सुमारे चार अंशांचा फरक आहे, म्हणून टिळक पंचांगात सूर्याची संक्रांत सुमारे चार दिवस आधी येते. मकरसंक्रांत १० जानेवारीला करणारी घरं रत्नागिरीत माहीत असतील. ज्या महिन्यात संक्रांत नाही तो अधिक, आणि संक्रांत चार दिवस सरकली की एखाद्या वर्षी अधिक महिनाच दुसरीकडे जाऊन पडतो. तसं झालं तर दोन घरांचे सण चक्क एका महिन्याने वेगळे होतात. तेव्हा तुमच्यात आणि शेजाऱ्यांत एका दिवसाचा फरक दिसला तर कारण प्रश्न ६ किंवा ८ मधलं समजा. महिन्याचा फरक असेल तरच टिळक पंचांगाकडे बोट दाखवा.

११. कधी चावदिस आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येतात, तर कधी मध्येच एक दिवस रिकामा जातो. असं का?

कारण दोन्हींची घड्याळातली वेळ वेगळी आहे. पहिल्या आंघोळीसाठी चतुर्दशी पहाटे, चंद्रोदयाच्या वेळी असावी लागते. लक्ष्मीपूजनाला अमावास्या संध्याकाळी. चतुर्दशी पहाटे असून त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत अमावास्या लागली, तर पहाटे कारीट फोडायचं, पोहे खायचे आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन. २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला असंच झालं. मग २५ तारीख ग्रहणासह मोकळी गेली आणि २६ ला पाडवा आणि भाऊबीज एकत्र आले.

२०२४ ला उलट. २९ ऑक्टोबरला धनत्रयोदशी, ३१ ला पहाटे नरकचतुर्दशी, आणि मधल्या ३० तारखेला काहीच नाही. दरम्यान एक भाकड दिवस दिसला म्हणून कॅलेंडर चुकलं असं समजू नका.

१२. मुलगा दुबईला असतो. त्याने पूजा आपल्याकडच्या तारखेला करायची का?

शास्त्र बघायचं तर तिथल्या सूर्यास्तावरून ठरवायचं. २०२४ चंच उदाहरण घ्या. दुबईचं घड्याळ दीड तास मागे, म्हणून अमावास्या तिथे १ नोव्हेंबरला दुपारी ४:४७ च्या सुमारास संपली. सूर्यास्त मात्र ५:३८ च्या आसपास. तिथे ती ११ मिनिटंही नाहीत. प्रतिपदा अमावास्येहून लहान असल्याने अपवादही लागत नाही. म्हणजे रत्नागिरीत आईवडिलांची पूजा १ तारखेला आणि दुबईत मुलाची ३१ ला, दोन्ही एकाच नियमाने बरोबर. फोनवर एकत्र आरती करायची म्हणून घरच्याच तारखेला पूजा करणारी कुटुंबं आहेत. तो घरातला निर्णय आहे, पंचांगाला मध्ये आणायचं कारण नाही.

१३. पुढच्या खेपेला वाद झाला तर स्वतः कसं तपासू?

पंचांगातून तीन वेळा काढा: आश्विन अमावास्या कधी लागते, कधी संपते, आणि कार्तिकातली पहिली प्रतिपदा कधी संपते. आपल्या गावचा दोन्ही दिवसांचा सूर्यास्त घ्या. आधी बघा, दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर अमावास्या आहे का. असेल तर दुसरा दिवस, आणि २४ मिनिटांपेक्षा कमी असेल तर वाद होणार हे धरून चाला. नसेल तर बघा ती दुपारी तीन-सव्वातीनच्या पुढे जाते का, आणि प्रतिपदा तिच्याहून मोठी आहे का. दोन्ही "हो" असतील तर महाराष्ट्रात दुसरा दिवस आणि उत्तरेत बहुधा पहिला. एक जरी "नाही" असेल तर सगळीकडे पहिला.

२०२६ वर करून बघा. अमावास्या ८ नोव्हेंबरला सकाळी साडेअकराच्या सुमारास लागते आणि ९ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास संपते. ९ च्या सूर्यास्ताला ती नाही आणि तीन प्रहरही भरत नाहीत. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. चतुर्दशी त्याच पहाटे असल्यामुळे पहिली आंघोळही ८ लाच, ९ मोकळी, पाडवा १० ला. या वर्षी दिल्लीचं कॅलेंडर आणि रत्नागिरीचं पंचांग यांत लक्ष्मीपूजनापुरता फरक यायचं कारण नाही.